घरातल्या इंटरनेटचं स्केच कसं वाचायचं? मोडेम, राउटर, एक्स्टेंडर आणि त्यांच्या मधल्या रेघा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायफायची तक्रार फोनवर समजावून घेणं अवघड असतं. "तो डबा", "दुसरा डबा", "वरचा डबा" यात अर्धा तास जातो. म्हणून मी सरळ सांगतो, कागदावर कनेक्शन काढा आणि फोटो पाठवा. खालची उत्तरं अशाच एका फोटोला धरून दिली आहेत. साताऱ्याकडचं दुमजली घर आहे. रेघी वहीचं पान, निळं पेन. डावीकडे खांब. खांबावरून एक रेघ घरात येते आणि "मोडेम" लिहिलेल्या चौकटीला मिळते. तिथून सरळ रेघ दोन अँटेनावाल्या "राउटर"कडे. राउटरपासून नागमोडी रेघ जिन्यावरून वर "एक्स्टेंडर"ला, आणि एक्स्टेंडरपासून सरळ रेघ टीव्हीला. प्रिंटर नागमोडी रेघेने आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर सरळ रेघेने, दोन्ही मोडेमला जोडलेले. लॅपटॉप आणि फोन राउटरला. पानाच्या तळाशी तक्रारी: "वर टीव्ही अडकतो. प्रिंटर सापडत नाही. प्लॅन २०० चा आहे, ९४ च्या वर जात नाही."

या तिन्ही तक्रारींची उत्तरं त्याच पानावर आहेत, पण चौकटींत नाहीत. ती रेघांत आहेत.

असं स्केच हातात आलं की आधी काय बघायचं?

प्रत्येक रेघेची दोन टोकं. रेघ कुठल्या डब्यापासून कुठल्या डब्यापर्यंत जाते एवढं पुरत नाही, ती डब्याच्या कुठल्या पोर्टात घुसते हे लागतं. राउटरच्या मागे साधारण पाच पोर्ट असतात. त्यातला एक वेगळ्या रंगाचा, बहुतेक निळा, आणि त्याच्यावर वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेलं असतं. बाकीचे लॅन. केबल कुठल्याही पोर्टात सारखीच बसते, दिवाही लागतो, आणि तरी दोन पोर्टांचा अर्थ अगदी वेगळा असतो. वॅन म्हणजे बाहेरून येणारी बाजू, लॅन म्हणजे घरातली बाजू.

दुसरी गोष्ट रेघेचा प्रकार. माझ्या सवयीप्रमाणे फायबरला दुहेरी रेघ, लॅन केबलला सरळ रेघ आणि वायफायला नागमोडी. हा काही सरकारी नियम नाही, कोणी तुटक रेघ काढतं, कोणी विजेसारखी वेडीवाकडी. काहीही चालेल, फक्त पानाच्या कोपऱ्यात कुठली रेघ कशाची ते लिहा. आमच्या या पानावर खांबावरून आलेली रेघ आणि मोडेम ते राउटर ही रेघ दोन्ही सारख्याच सरळ काढल्या होत्या. त्या दोन रेघांमध्ये काहीच साम्य नाही.

खांबावरून आलेली ती रेघ नक्की कशाची?

फायबरची. खांबावरून बहुधा काळी चपटी वायर येते, भिंतीवरच्या छोट्या डबीत संपते, आणि तिथून पुढे पिवळी किंवा पांढरी बारीक वायर मोडेमच्या तळाशी जाते. तिच्या टोकाला हिरवी प्लास्टिकची चौकोनी पिन असते. आत काच आहे, तांबं नाही, त्यामुळे ही वायर दाराच्या फटीत चेपली, खिळ्याभोवती काटकोनात वळवली किंवा कपाट सरकवताना दाबली गेली की काम संपलं. ती तुटलेली बाहेरून दिसतही नाही.

ती ठीक आहे का हे डब्यावरचे दिवे सांगतात. पॉन लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असला तर फायबर ठीक. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात, पासवर्ड बदलण्यात वेळ घालवू नका, थेट कनेक्शनवाल्याला फोन करा. आणि पिन काढून तिच्या टोकात डोकावू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

जुन्या टेलिफोन लाइनवरचं कनेक्शन असेल तर हीच रेघ तांब्याच्या दोन तारांची असते. स्केचमध्ये तसं लिहावं, कारण तिथले दोष वेगळे.

मोडेम आणि राउटर असे दोन डबे कशाला? एकाने भागत नाही का?

बहुतेक घरांत भागतं. मोडेमचं काम बाहेरून आलेल्या सिग्नलचं घरातल्या केबलला समजेल अशा स्वरूपात रूपांतर करणं. राउटरचं काम एका कनेक्शनवर घरातली दहा उपकरणं चालवणं, म्हणजे प्रत्येकाला आयपी पत्ता देणं आणि कोणाचा डेटा कोणाला द्यायचा ते बघणं. पूर्वी हे दोन वेगळे डबे असत. आता फायबरवाले जो डबा बसवून जातात, ज्याला आपण सगळे मोडेम म्हणतो, त्यात रूपांतरही होतं, राउटरही असतो आणि वायफायही असतं.

मग घरातल्यांना रेंज कमी वाटते, दुकानातून एक चांगला राउटर आणला जातो आणि केबलने त्या मोडेमला जोडला जातो. कागदावर हे "मोडेम, मग राउटर" असं छान दिसतं. प्रत्यक्षात ते "राउटर, मग राउटर" असतं. या पानावरची अर्धी भानगड इथेच आहे.

दोन राउटर मागेपुढे लागले तर बिघडतं काय? नेट तर चालतं.

चालतं, म्हणूनच लक्षात येत नाही. व्हिडिओ दिसतो, व्हॉट्सअ‍ॅप जातं. पण घरात आता दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत. मोडेमला जोडलेल्या उपकरणांना `192.168.1.x` असे पत्ते मिळतात, आणि राउटरच्या पलीकडे असलेल्यांना `192.168.0.x` असे. प्रिंटर पहिल्या घोळक्यात, लॅपटॉप दुसऱ्या. लॅपटॉप प्रिंटर शोधताना आपल्या नेटवर्कात "कोणी प्रिंटर आहे का" अशी हाक मारतो. ती हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. म्हणून प्रिंटर चालू आहे, वायफायला जोडलेला आहे, त्याच टेबलावर आहे, आणि तरी "सापडत नाही".

गंमत अशी की लॅपटॉपवर प्रिंटरचा आयपी पत्ता हाताने टाकला तर बहुतेक वेळा छपाई होते, कारण आतल्या नेटवर्कातून बाहेरच्या नेटवर्कात जाता येतं. उलट दिशेने जाता येत नाही. कोणी मोडेमच्या वायफायवर बसून राउटरमागच्या लॅपटॉपवरची फाइल उघडायला गेलं तर दार बंद. त्यामुळे "कधी चालतं, कधी नाही" अशी तक्रार आली की मी प्रथम हेच बघतो: कोण कुठल्या वायफायवर आहे. या घरात दोन वायफाय नावं होती, आणि ज्याला जे आधी दिसलं ते त्याने जोडलं होतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोन्ही डबे `192.168.1.1` हाच पत्ता धरून बसणं. मग राउटरला कळत नाही की हा पत्ता आतला की बाहेरचा, आणि राउटरच्या मागचं नेट बंद पडतं. बरेच नवे राउटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात. सगळे नाही.

स्केचवरून शंका आली, पण खात्री कशी करायची?

राउटरला जोडलेल्या विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाका:

```
tracert -d 8.8.8.8
```

या घरात सुरुवातीच्या ओळी साधारण अशा आल्या:

```
  1     1 ms     1 ms     1 ms  192.168.0.1
  2     2 ms     1 ms     2 ms  192.168.1.1
  3     5 ms     4 ms     5 ms  100.72.0.1
```

पहिली ओळ दुकानातून आणलेला राउटर. दुसरी ओळ मोडेम. दोन्ही `192.168` ने सुरू होतात, म्हणजे दोन्ही घरातलेच, म्हणजे दोन राउटर. एकच राउटर असता तर दुसऱ्या ओळीपासून कनेक्शनवाल्याचं नेटवर्क सुरू झालं असतं. तिसऱ्या ओळीकडे खाली कॅमेऱ्याच्या प्रश्नात येऊ.

मग दोघांपैकी एकालाच राउटर कसा ठेवायचा?

दोन रस्ते आहेत. पहिला, कनेक्शनवाल्याला सांगून मोडेम ब्रिज मोडवर टाकायचा. मग मोडेम फक्त रूपांतराचं काम करतो, त्याचं वायफाय सहसा बंद होतं आणि लॉगिनचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरावं लागतं. राउटर चांगला असेल तर हे उत्तम. पण त्यासाठी कनेक्शनवाला हजर आणि राजी लागतो, आणि मोडेमवरूनच लँडलाइन चालत असेल तर तो बरेचदा नाही म्हणतो. शिवाय मोडेमला जोडलेला डीव्हीआर आणि प्रिंटर आधी राउटरकडे हलवावे लागतात.

दुसरा रस्ता आपल्या हातातला आहे, आणि साध्या घराला मी तोच सांगतो. राउटरच्या सेटिंगमध्ये `Operation Mode` शोधा आणि `Access Point` निवडा. राउटर पुन्हा सुरू झाला की तो पत्ते वाटणं थांबवतो आणि फक्त वायफाय देतो. पत्ते सगळ्यांना मोडेमच देतो. स्केचमध्ये एकही रेघ न बदलता दोन घोळक्यांचा एक घोळका होतो. या घरात हेच केलं, आणि लॅपटॉपला प्रिंटर आपोआप दिसला.

राउटर जुना असला आणि तो पर्यायच नसला तर हाताने करता येतं, पण क्रम पाळा. आधी राउटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून `192.168.1.2` करा, अर्थात मोडेम ज्या पट्ट्यातले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा. मग त्यातलं पत्ते वाटणारं `DHCP Server` बंद करा. आणि शेवटी मोडेमकडून आलेली केबल वॅनमधून काढून लॅनच्या पोर्टात घाला. आधीच पत्तेवाटप बंद केलंत तर पत्ता बदलायला राउटरच्या पानावर पोचणंच मुश्कील होतं. स्केचमध्येही ते टोक दुरुस्त करून "लॅन १" असं लिहा, नाहीतर पुढच्या वेळी कोणीतरी शहाणा येऊन "चुकीच्या पोर्टात लावलंय" म्हणून केबल परत वॅनमध्ये घालेल.

प्लॅन २०० चा आणि केबल लावूनही ९४च. कनेक्शनवाला फसवतोय का?

आकडा नेमका ९४ च्या आसपास अडकत असेल तर बहुधा नाही. हा आकडा ओळखीचा आहे. लॅन केबलवरचं कनेक्शन १०० एमबीपीएसवर जुळलं की डेटासोबत जाणाऱ्या पत्त्याबित्त्यांचा भार वजा होऊन स्पीड टेस्टमध्ये ९४ दिसतात. म्हणजे मधली कुठलीतरी सरळ रेघ १०० ची आहे.

कुठली, ते एकेक टप्पा तपासून कळतं. लॅपटॉप केबलने थेट मोडेमला लावला तेव्हा १९० च्या वर गेला. राउटरला लावला की ९४. म्हणजे फायबर निर्दोष, प्लॅन निर्दोष, दोष मोडेम ते राउटर या रेघेत किंवा तिच्या टोकांच्या पोर्टांत. राउटरच्या खोक्यावर गिगाबिट लिहिलेलं होतं, म्हणून केबल काढून पाहिली. लॅन केबलच्या टोकाची पिन पारदर्शक असते, उजेडाकडे धरली की आतले रंग मोजता येतात. आठ तारा हव्यात. या पिनमध्ये चारच होत्या: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागी. बाकीच्या चार जागा रिकाम्या. १०० एमबीपीएसला एवढ्या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. ज्याने कोणी ती पिन क्रिम्प केली त्याने दोन जोड्या वाचवल्या आणि राउटर मुकाट्याने १०० वर उतरला.

कॅट ५ई लिहिलेली, आठ तारांची तयार केबल आणून लावली आणि आकडा वर गेला. आठही तारा दिसत असल्या तरी एखादी आतून तुटलेली असू शकते, लक्षण हेच येतं. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये `Link speed` दिसतो. तिथे `100/100` दिसलं तर लॅपटॉपला लागलेल्या केबलवर संशय घ्या, `1000/1000` दिसलं तर पुढच्या रेघेकडे जा.

राउटरपासून एक्स्टेंडरपर्यंतच्या नागमोडी रेघेचा अर्थ काय?

एक्स्टेंडर स्वतः इंटरनेट आणत नाही. तो एखाद्या फोनसारखा राउटरच्या वायफायला जोडला जातो, आणि मग आलेला डेटा स्वतःच्या वायफायवरून पुढे देतो. त्यामुळे एक्स्टेंडरच्या पुढच्या प्रत्येक उपकरणाचा डेटा हवेतून दोनदा जातो: राउटर ते एक्स्टेंडर आणि एक्स्टेंडर ते उपकरण. एकाच बँडवर, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर, चालणारा स्वस्त एक्स्टेंडर असेल तर ही दोन्ही कामं एकाच चॅनलवर आळीपाळीने होतात, आणि स्पीड निम्म्यावर येतो. हा बिघाड नाही, त्याची रचनाच तशी. दोन बँडवाला एक्स्टेंडर ५ गिगाहर्ट्झवर घेऊन २.४ वर देऊ शकतो, तिथे मार कमी बसतो.

स्केचमध्ये म्हणून या नागमोडी रेघेवर बँड लिहून ठेवावा. "२.४" एवढं जरी लिहिलेलं दिसलं तरी वरच्या मजल्यावर काय अपेक्षा ठेवायची ते कळतं.

टीव्हीला तर केबल लावली आहे. तरी तो का अडकतो?

हा प्रश्न स्केच पाहून सगळ्यात जास्त येतो. टीव्हीपासून निघालेली सरळ रेघ एक्स्टेंडरपाशी संपते. एक्स्टेंडरच्या बुडाला लॅनचा पोर्ट असतो, तिथे केबल लावली म्हणून टीव्ही केबलवर आला असं वाटतं. पण त्याच्या मागची रेघ बघा, ती नागमोडी आहे. टीव्हीपासून खांबापर्यंत बोट फिरवा, वाटेत एक जरी नागमोडी तुकडा आला तर सगळा मार्ग त्या तुकड्याइतकाच चांगला.

या घरात वर टीव्हीपाशी दुपारी ६ ते ८ एमबीपीएस मिळत होते आणि रात्री जेवणानंतर २ ते ३. फुल एचडी व्हिडिओला ५ च्या आसपास लागतात, फोरकेला १५ ते २५. म्हणून दुपारी मालिका नीट चालायची आणि रात्री गोल फिरत बसायची. टीव्ही बदलण्यापर्यंत बोलणी गेली होती.

एक्स्टेंडर ठेवायचा कुठे?

जिथे रेंज नाही तिथे नाही. लोक नेमकं हेच करतात: बेडरूममध्ये नेट येत नाही म्हणून एक्स्टेंडर बेडरूमच्या प्लगमध्ये. कोरड्या विहिरीत मोटार सोडल्यासारखं आहे ते. एक्स्टेंडरला स्वतःला चांगलं मिळालं तरच तो पुढे चांगलं देणार.

जागा शोधायची पद्धत साधी आहे. फोन राउटरच्या वायफायवर ठेवून जिना चढत जा आणि दर चार-पाच पायऱ्यांवर स्पीड टेस्ट घ्या. एका ठिकाणी आकडा एकदम पडतो, बहुतेक वेळा स्लॅब आडवा आला की. त्या जागेच्या अलीकडे एक्स्टेंडर हवा. वायफायची कांडी किती दिसते यावर जाऊ नका. ज्या ॲपमध्ये सिग्नल डीबीएममध्ये दिसतो ते घेतलं तर उणे ६५ किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ६०, उणे ५५ असा आकडा मिळेल ती जागा चांगली. उणे ८० म्हणजे कागदावर जोडलेला, प्रत्यक्षात नाही.

या घरात वरच्या खोलीतला एक्स्टेंडर जिन्याच्या मधल्या वळणावर आणला, तिथे सुदैवाने दिव्यासाठी प्लग होता. टीव्ही परत वायफायवर घेतला. वर २५ ते ३० मिळायला लागले. केबल गेली आणि स्पीड वाढला, हे घरच्यांना पटायला जरा वेळ लागला.

राउटर ते एक्स्टेंडर केबल टाकली तर?

तर खरा फरक पडतो. छतातून किंवा जिन्याच्या कडेने एक लॅन केबल वर नेता आली, आणि घरात १०० मीटरची मर्यादा काही ओलांडली जात नाही, तर एक्स्टेंडरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. बरेच एक्स्टेंडर हा मोड देतात. मग तो हवेतून घेणं थांबवतो, केबलमधून घेतो आणि फक्त वायफाय देतो. नागमोडी रेघ खोडून सरळ रेघ काढायची. मग तो पुन्हा टीव्हीजवळ ठेवायलाही हरकत नाही. बऱ्याच एक्स्टेंडरचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, त्यामुळे इथे ९४ दिसले तर काळजी नको, तिथे तेवढंच मिळणार.

वायफायचं नाव आणि पासवर्ड खाली-वर सारखा ठेवा आणि २.४ वरचे चॅनल वेगळे, म्हणजे खाली १ आणि वर ११ असे.

स्केचमध्ये राउटर आणि एक्स्टेंडरच्या मध्ये सरळ आणि नागमोडी अशा दोन्ही रेघा आहेत. ठीक आहे का?

नाही, हे ताबडतोब सोडवा. केबल लावली, पण एक्स्टेंडर अजून जुन्या मोडमध्ये आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे डेटाला फिरायला गोल रस्ता तयार झाला: केबलने वर, हवेतून खाली, पुन्हा केबलने वर. काही प्रकारचे संदेश त्या गोलात फिरतच राहतात आणि वाढत जातात. काही मिनिटांत सगळ्या घराचं नेट बसतं आणि राउटरचे लॅनचे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. एक्स्टेंडरचा प्लग काढला की सगळं शांत. राउटर बदलून आल्यावरही "तोच प्रॉब्लेम" असेल तर पानावर हा दुहेरी जोड शोधा. वायफायचा नागमोडी धागा काढायला लोक विसरतात, कारण तो डोळ्यांना दिसत नसतो.

डीव्हीआर मोडेमला केबलने आहे. मग बाहेरगावाहून कॅमेरे का दिसत नाहीत?

इथे रेघ बरोबर आहे. प्रश्न खांबाच्या पलीकडचा. वरच्या कमांडमधली तिसरी ओळ `100.72.0.1` अशी होती. मोडेमच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ताही `100.64` ते `100.127` यातला असेल, तर कनेक्शनवाला अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतो आहे. मग तुम्ही मोडेममध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून येणाऱ्याला तुमचं घर सापडणार नाही.

डीव्हीआर कंपनीच्या ॲपमधून क्लाउडमार्फत बघा. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन जोडणी करतो, त्यामुळे ही अडचण येत नाही. ते नको असेल तर कनेक्शनवाल्याकडून स्वतंत्र पब्लिक आयपी घ्या, त्याचे पैसे वेगळे.

फोटो कसा काढावा म्हणजे समोरच्याला वाचता येईल?

पान टेबलावर सपाट, फोन बरोबर वरून, चारही कोपरे आत. ट्यूबलाइट पानात चमकू देऊ नका. पेन्सिल नको, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो आणि पेन्सिलच्या नागमोडी रेघा सरळ दिसायला लागतात. फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर दाबला जात नाही. दोन रेघा एकमेकींना छेदत असतील तर एकीला छोटी कमान काढा, म्हणजे त्या तिथे जोडलेल्या नाहीत हे कळेल. आणि राउटरच्या मागच्या बाजूचा, केबल लावलेल्या अवस्थेतला एक वेगळा फोटो जोडा. पानावर रेघ "राउटरला" गेलेली असते, मागच्या फोटोत ती कुठल्या पोर्टात आहे ते दिसतं.

फोटो पाठवण्याआधी काय झाकावं?

डब्याच्या खालचं स्टिकर. त्यावर वायफायचा मूळ पासवर्ड, लॉगिन, सीरियल नंबर सगळं छापलेलं असतं. पानावर कोणी पासवर्ड लिहून ठेवला असेल तर तोही. आयपी पत्ते `192.168` वाले दिसले तरी बिघडत नाही, ते लाखो घरांत सारखेच असतात.

विजेच्या वायरी स्केचमध्ये काढाव्यात का?

रेघा नकोत, गर्दी होते. पण प्रत्येक चौकटीत तिच्या अडॅप्टरवरचा आकडा लिहा: १२ व्होल्ट १ अँपिअर, ९ व्होल्ट ०.६ अँपिअर, जे असेल ते. मोडेम आणि राउटरच्या पिना बरेचदा एकमेकांत बसतात, आणि साफसफाईनंतर अडॅप्टर अदलाबदल होतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लागला तर तो जळू शकतो. १२ वाल्याला ९ चा लागला तर दिवे लागतात, पण वायफाय मधूनच जातं, आणि असा दोष शोधायला फार वेळ खातो. लाइट गेल्यावर नेट चालावं म्हणून छोटा यूपीएस घेणार असाल तर हेच आकडे दुकानात दाखवा, आणि मोडेम व राउटर दोन्ही त्यावर घ्या. एकट्या राउटरला बॅकअप दिला तर वायफाय पूर्ण दिसतं आणि नेट मात्र नसतं.